२४ इंची आयपीएस, २७ इंची व्हीए की २७ इंची क्यूएचडी? दिवसाला नऊ तास वाचणाऱ्या भाचीसाठी मॉनिटर

"मामा, मला आयपीएस व्हायचं नाही, पण आयपीएस घ्यायचाय," असा खानापूरहून भाचीचा फोन आला. ती केएएसची, म्हणजे कर्नाटकच्या प्रशासकीय सेवेची तयारी करते. दिवसाचे आठ-नऊ तास पीडीएफ आणि व्हिडिओ, तेही १५ इंची लॅपटॉपवर मान खाली घालून. मोठा पडदा घ्यायचं ठरलं होतं, प्रश्न होता कुठला. बेळगावात माझा डीटीपीचा धंदा. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, अर्धं काम मराठीत तर अर्धं कन्नडमध्ये. त्यामुळे पडद्यावरच्या अक्षरांशी भांडण जुनंच आहे.

तिने तीन पर्याय काढून ठेवले होते. पहिला २४ इंची, फुल एचडी, आयपीएस पॅनेलचा, साधारण दहा हजारांचा. दुसरा २७ इंची, तोही फुल एचडीच, पण कडा आत वळलेला व्हीए पॅनेलचा. पहिल्यापेक्षा थोडाच महाग आणि दुकानात बघायला सगळ्यांत देखणा. तिसरा २७ इंची आयपीएस, पण क्यूएचडी, म्हणजे फुल एचडीपेक्षा जास्त पिक्सेलांचा, पहिल्याच्या दीडपट ते पावणेदोनपट किमतीचा. तिचं मन दुसऱ्यावर बसलं होतं.

मी तिला आधी पिक्सेलचा आकार बघायला लावला.

| पडदा | एका पिक्सेलची रुंदी | इंचात पिक्सेल |
|---|---|---|
| २४ इंची फुल एचडी | ०.२७ मिमी | ९३ |
| २७ इंची फुल एचडी | ०.३१ मिमी | ८२ |
| २७ इंची क्यूएचडी | ०.२३ मिमी | १०९ |
| २७ इंची फोर-के | ०.१६ मिमी | १६३ |

साठ सेंटीमीटरवरून चांगल्या डोळ्याला साधारण ०.१७ मिलिमीटरपर्यंतचा फरक कळतो. म्हणजे फोर-के सोडला तर बाकी तिन्ही पडद्यांवर पिक्सेल थोडेफार जाणवणारच. किती जाणवतील हे लिपीवर ठरतं. इंग्रजी मजकूर ८२ वरही चालून जातो. कन्नड जोडाक्षरांतली बारकी ओत्ताक्षरं मात्र मुख्य अक्षराच्या पोटाखाली बसतात. बारा पॉइंटचा मजकूर शंभर टक्क्यांवर ठेवला तर अख्ख्या ओळीच्या वाट्याला १६ पिक्सेलांची उंची येते, त्यातली जेमतेम पाच-सहा त्या बारक्या अक्षराला. तेवढ्यात त्याची वळणं मावत नाहीत आणि तिथे नुसता राखाडी ठिपका दिसतो. आपल्या 'द्ध', 'ह्म' आणि 'ष्ट्र'चीही तीच गत. मराठी शाळेत शिकलेल्या पोरीला कन्नडचा अनिवार्य पेपर आधीच जड. त्यात ओत्ताक्षर ओळखायला दर वेळी पान मोठं करावं लागलं तर २७ इंचांचा फायदा तिथेच संपला.

२७ इंची फुल एचडी वाईटच, असं मी म्हणत नाही. पडदा साठऐवजी सुमारे सत्तर सेंटीमीटर लांब ठेवता आला तर त्यातला पिक्सेल डोळ्याला २४ इंचीएवढाच वाटतो. पण तिचं स्टीलचं टेबल दोन फुटी, आणि त्यातली अर्धा फूट जागा स्टँडच खातो. मागे सरकवायला जागा नाही.

एक बारीक हिशोब इथे उपयोगी पडतो. २४ इंची म्हणून विकला जाणारा पडदा खरं तर २३.८ इंची असतो आणि त्याची उंची २९.६ सेंटीमीटर भरते. ए-फोर कागद २९.७. म्हणजे दोन पानं शेजारी शेजारी जवळपास खऱ्या आकारात मावतात. वर-खालच्या पट्ट्यांमुळे थोडी लहान होतात इतकंच. २७ इंचीची उंची साडेतेहतीस सेंटीमीटर, तिथे पट्ट्या धरूनही पानं पूर्ण आकारात बसतात. एकीकडे प्रश्नपत्रिका आणि दुसरीकडे नोट्स ठेवणाऱ्याला हा फरक रोज जाणवतो.

आता झगमगीचं, म्हणजे पडद्यामागच्या दिव्याच्या उघडझापीचं. पुष्कळ घोटाळे इथेच होतात, कारण दुकानात ही गोष्ट दिसतच नाही.

एलसीडी पडद्यामागे एलईडीचा दिवा असतो. त्याचा उजेड कमी करायच्या दोन रीती आहेत. एक, दिव्याला जाणारा प्रवाहच कमी करायचा. दुसरी, दिवा पूर्ण ताकदीने पेटवायचा आणि सेकंदाला शेकडो वेळा विझवायचा. उजेड २५ टक्के ठेवला तर दिवा पाव वेळ चालू आणि पाऊण वेळ बंद. या दुसऱ्या रीतीला पीडब्ल्यूएम म्हणतात. डोळ्याला उघडझाप थेट दिसत नाही, पण ओळीच्या शेवटून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला नजर उडी मारते तेव्हा अक्षरांच्या तुटक प्रतिमा उमटतात. काहींना याचा काहीच त्रास होत नाही. काहींचं संध्याकाळपर्यंत कपाळ ठणकतं. आपण कुठल्या गटातले हे विकत घेण्याआधी कळत नाही, म्हणून पीडब्ल्यूएम नसलेलाच घ्यावा.

गोम अशी की शंभर टक्के उजेडावर दिवा विझवायची गरजच पडत नाही, आणि दुकानात सगळे मॉनिटर शंभरावरच लावलेले असतात. घरी रात्री ट्यूबलाइटखाली तोच उजेड डोळ्यांत खुपतो. मग आपण तो पंचवीस-तिसावर आणतो आणि झगमग तिथे सुरू होते. काही मॉनिटर तर मधलाच मार्ग धरतात: अमुक टक्क्यांपर्यंत प्रवाह कमी करतात आणि त्याखाली पीडब्ल्यूएमवर जातात. माझ्या कामाच्या टेबलावर असा एक होता. खोक्यावर फ्लिकर-फ्री लिहिलेलं, पण तिसाच्या खाली गेला की मोबाइलमध्ये काळे पट्टे. कंपनीचं नाव सांगून काही उपयोग नाही, ते मॉडेल आता मिळतही नाही.

तपासणी दोन मिनिटांची आहे. मॉनिटरच्या मेनूत जाऊन उजेड वीसवर आणायचा, पडद्यावर कोरं पांढरं पान उघडायचं. मोबाइलचा कॅमेरा प्रो मोडमध्ये घ्यायचा, शटर १/२००० सेकंद ठेवायचं आणि चौकटीत फक्त पडदाच दिसेल इतकं जवळ जायचं. आडवे काळे पट्टे सरकताना दिसले तर पीडब्ल्यूएम आहे. पांढरं सलग दिसलं तर नाही. जवळ जायचं कारण दुकानातले दिवे स्वतःच झगमगतात आणि त्यांचे पट्टे आपण पडद्याच्या माथी मारतो. प्रो मोड नसेल तर पेन्सिल घ्या. पांढऱ्या पडद्यासमोर ती पंख्यासारखी भरभर हलवायची. सलग धूसर पंखा दिसला तर ठीक, वेगवेगळ्या दहा पेन्सिली दिसल्या तर दिवा उघडझाप करतोय. खडे बाजारातल्या एका दुकानात मी हे करत होतो तेव्हा मालकानं विचारलं, "काय करूलालासा सर?" सांगितल्यावर त्यानं स्वतःच आणखी दोन मॉनिटर काढून दिले. सगळेच असे नसतात. डेमोचा नग चालू करून दिला नाही तर तिथून उठावं.

खेळांसाठीच्या मॉनिटरमध्ये हालचाल स्पष्ट दाखवायचा एक मोड असतो. तो चालू केला की चांगल्या मॉनिटरचा दिवाही मुद्दाम उघडझाप करायला लागतो. अभ्यासाला तो बंद ठेवायचा.

भाचीची आणखी एक शंका होती: लाइट गेली की इन्व्हर्टरवर पडदा लुकलुकतो का? खानापुरात पावसाळ्यात हे रोजचंच. मॉनिटरचा पॉवर सप्लाय आलेली वीज आधी डीसी करून घेतो, त्यामुळे इन्व्हर्टरची ओबडधोबड लाट सहसा दिव्यापर्यंत पोचत नाही. लुकलुकतो तो बहुधा खोलीतला स्वस्त एलईडी बल्ब. बल्ब बंद करून पुन्हा कॅमेऱ्यातून बघितलं की चोर सापडतो. तिच्याकडे तसंच निघालं.

पॅनेलचा निर्णय त्या मानानं सोपा होता. व्हीएचा कॉन्ट्रास्ट तीन हजारास एक किंवा त्याहून जास्त, आयपीएसचा साधारण हजारास एक. अंधाऱ्या खोलीत सिनेमा बघायला व्हीए नक्कीच सरस, काळा रंग काळाच दिसतो. पण पांढऱ्या पानावरच्या काळ्या अक्षरांना हजारास एक भरपूर होतं. उलट व्हीएकडे थोडं तिरकं पाहिलं की रंग फिके पडतात. दोन पानं शेजारी लावली की कडेचं पान जरा धुवट दिसतं. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा मजकूर ठेवून वाचणाऱ्यांना आणखी एक खोड दिसेल: पान सरकवताना अक्षरांमागे काळपट शेपूट राहतं. टीएन पॅनेल आता जुन्या, कार्यालयांतून निघालेल्या मालातच जास्त दिसतं. खुर्चीत जरा खाली घसरलं की पानाचा वरचा आणि खालचा भाग वेगळ्या छटेचा. फुकट मिळाला तरी नऊ तासांसाठी नको.

ब्रँडबद्दल थोडक्यात. बहुतेक ब्रँड काच स्वतः बनवत नाहीत. ती एलजी डिस्प्ले, बीओई, एयूओ, इनोलक्स अशा मोजक्या कारखान्यांतून येते. नाव बघून पॅनेल कळत नाही: डेलचा SE2422H व्हीए आहे आणि डेलचाच P2422H आयपीएस. बेंकनं डोळ्यांची काळजी हाच धंद्याचा मुद्दा केला आहे, पण त्यांच्याही मॉनिटरवर पेन्सिल फिरवूनच घ्यावं. ब्रँडमुळे खरा फरक पडतो तो स्टँडमध्ये आणि दुरुस्तीत. स्वस्त मॉडेलचा स्टँड फक्त मागे-पुढे कलतो. P2422H सारख्याचा वर-खालीही होतो, आणि उंच माणसाच्या मानेला तो फरक पॅनेलपेक्षा आधी कळतो. दुरुस्तीसाठी एकच विचारायचं: कंपनीचा माणूस घरी येतो की खोकं घेऊन बेळगावला यावं लागतं? निपाणीच्या लोकांना कोल्हापूर सोयीचं पडतं, त्यांनी तिथलं केंद्र विचारावं. खानापूरकरांना बेळगावच.

तिसरा पर्याय, २७ इंची क्यूएचडी, तिन्हींत उत्तम होता हे उघड आहे. अक्षर सुबक आणि जागा भरपूर. तिचा लॅपटॉप जुना, पण त्याच्या एचडीएमआयवर क्यूएचडी नीट चालतं. फोर-के घेतला असता तर त्याच जुन्या पोर्टवर सेकंदाला ३० चित्रांवर अडकला असता आणि माऊस अडखळत फिरला असता. अडचण फक्त सहा-सात हजारांची होती, आणि ते पैसे टेस्ट सिरीजसाठी बाजूला काढलेले.

शेवटी २४ इंची आयपीएस घेतला. उजेड वीसवर ठेवून कॅमेऱ्यातून बघितला, पट्टा नाही. स्टँड फक्त कलणारा, म्हणून खाली जुन्या गाइडांची चार बोटं उंच थप्पी घातली. पडद्याची वरची कड तिच्या नजरेच्या रेषेत आली. कन्नडची पीडीएफ १२५ टक्क्यांवर ठेवली की ओत्ताक्षरं सुटी दिसतात. खिडकी पाठीमागे येत होती, पडद्यात आभाळ दिसायचं, म्हणून टेबल फिरवून खिडकी बाजूला घेतली. बल्ब मात्र तिनं अजून बदललेला नाही.