‘ग्राफ्ट’च्या नावाखाली 66,179 रुपये गेले

हे लिहायला मला सहा महिने लागले, कारण लाज वाटत होती. मी ऐरोलीला राहते, पतसंस्थेत हिशोबाचं काम करते. पावती वाचल्याशिवाय सही करू नका, असं दिवसभर लोकांना सांगते. तरीही फसले.

माझ्या डाव्या बाजूचा वरचा सुळा आणि त्यामागच्या दोन उपदाढा यांची हिरडी वर सरकली होती, मुळं पिवळट दिसत होती. खाली समोरच्या एका दाताचंही तसंच. गार पाणी लागलं की कळ कानापर्यंत जायची. ठाण्यातल्या एका चकचकीत क्लिनिकमध्ये 999 रुपयांत दात साफ करून घ्यायला गेले, तर डॉक्टरांनी कॅमेऱ्यावर मूळ दाखवलं. ‘सहा महिन्यांत दात हलायला लागतील’ म्हणाले. चार दातांना लेझर ग्राफ्टिंग, दाताला 16,000, एकूण 64,000. 10,000 तिथेच भरले, बाकीचे 6,000 चे नऊ हप्ते आणि वर 1,180 फाइल चार्ज. त्या खुर्चीवर तोंड उघडून, डोळ्यांवर दिवा घेऊन पडलं की मनात भीती बसते. मी मूर्ख नव्हते, घाबरले होते.

माझं चुकलं कुठे, ते आता रोज आठवतं. बिलावर स्पष्ट लिहिलं होतं, ‘कनेक्टिव्ह टिश्यू ग्राफ्ट’. म्हणजे टाळूच्या आतला थर काढून हिरडीखाली बसवतात, टाळूला जखम होते, टाके पडतात. माझ्या हिरडीवर लेझरचं टोक अर्धा तास फिरवलं, एवढंच झालं. त्याच रात्री घरी येऊन मी ज्वारीची भाकरी आणि ठेचा खाल्ला. टाळूला साधं चुरचुरलंही नाही! तेव्हाच कळायला हवं होतं. मी मात्र नवऱ्याला कौतुकाने सांगितलं, ‘बघ, अजिबात दुखलं नाही.’

तीन महिन्यांनी हिरडी जिथल्या तिथे. क्लिनिकवाले म्हणाले, आणखी दोन सिटिंग घ्या. मी उठून आले.

मग एका डेंटल कॉलेजमध्ये गेले. तिथल्या पेरिओडॉन्टिस्ट, म्हणजे हिरड्यांच्या तज्ज्ञ डॉक्टर, यांनी सगळ्यात आधी विचारलं, ‘ताई, ब्रश आणलाय का?’ आधीच्या कुणी हे विचारलंच नव्हतं. हार्ड ब्रश, केस बाहेर फाकलेले. मी उजव्या हाताने आडवा घासते, जोर डाव्या सुळ्यावर पडतो, म्हणून नुकसान तिथेच. त्यांनी बारीक खुणांची सळई लावून हिरडी किती सरकली ते मोजलं आणि आकडे कागदावर लिहिले. सुळा 3 मिलिमीटर, उपदाढा 2-2. रक्त नाही, सूज नाही, दातांमधलं हाड शाबूत. म्हणजे हिरड्यांचा रोग नव्हता, घासण्याची जखम होती. रक्त येत असतं, दात हलत असते, तर उपचार वेगळा, ब्रश बदलून भागलं नसतं.

गेलेली हिरडी आपोआप परत वाढत नाही, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. वरच्या तीन दातांना मऊ ब्रश, पेनसारखा धरून, केस हिरडीवर तिरके टेकवून दाताच्या दिशेने हलकेच फिरवायचे. कळेसाठी सेन्सिटिव्हिटीची पेस्ट. तीन आणि सहा महिन्यांनी परत मोजायचं. सरकणं थांबलं तर शस्त्रक्रियेची घाई नको. खालच्या दाताजवळ मात्र घट्ट हिरडी जवळजवळ उरलीच नव्हती, म्हणून फक्त तिथे खरा ग्राफ्ट. 9,500 रुपये. टाळूची जखम आठवडाभर ठणकली, मऊ भात गिळावा लागला, दोन आठवडे तिथे ब्रश लावायचा नव्हता. ग्राफ्ट असा असतो. आणि नंतर पुन्हा जोरात घासलं, तर तोही सरकू शकतो.

तक्रारीचं काय? चौकीत म्हणाले, हा डॉक्टरी मामला, आमचा नाही. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने केस पेपर मागितले, क्लिनिक ते देत नाही. मग पुन्हा पहिल्या कार्यालयात, तिथे साहेब रजेवर. तीन अर्धे दिवस पगार कापून घेतला. हप्त्यांच्या कंपनीला फोन केला तर म्हणे, उपचार पटला नाही हा तुमचा आणि क्लिनिकचा प्रश्न, हप्ता चुकला तर दंड लागेल. बिल माझ्या हातात आहे, टाळूवर वण एकच आहे, चार ग्राफ्टचे पैसे घेतलेत. आणखी कसला पुरावा हवा?

सळईने मोजल्याशिवाय कुणी ग्राफ्ट सांगितला तर उठून या. कुठून काय काढणार आणि टाके किती, हे आधी लिहून घ्या. केस पेपरची प्रत पैसे भरायच्या आधी मागा, मला नंतर मिळाली नाही.

काल सहा महिन्यांची तपासणी झाली. सुळा 3, उपदाढा 2-2. तसूभरही पुढे सरकलं नाही, 40 रुपयांच्या मऊ ब्रशने. शेवटचा हप्ता 5 तारखेला कापला गेला.