‘कॅश आहे का मालक?’ : सोलापुरात डिलिव्हरी करताना माझं खातं कसं गोठलं

दिवसा एका कापड दुकानात हिशेब लिहितो, पगार 16,500. संध्याकाळी सात ते अकरा जेवणाची पार्सलं पोचवतो. पेट्रोल वजा जाता रात्रीला अडीचशे-तीनशे सुटतात, त्यातून गाडीचा हप्ता निघतो. माझ्यासारखे सोलापुरात ढिगाने आहेत, म्हणूनच लिहितोय. घरच्यांना पूर्ण गोष्ट अजून सांगितलेली नाही.

डिलिव्हरी करणाऱ्याला माहीत असतं की गिऱ्हाईक रोख देतं आणि ती रोख आपल्या खिशात साठते. ठरलेल्या मर्यादेपुढे गेली की ऑर्डर येणं बंद. मग आपल्या खात्यातून कंपनीला ऑनलाइन भरायची. म्हणजे खिशात नोटा आणि खातं रिकामं, ही रोजची अडचण. त्यामुळे कोणी म्हणालं, ‘कॅश द्या, ऑनलाइन टाकतो,’ तर आपल्याला ते उपकारच वाटतात. हॉटेलच्या काउंटरवर, पानटपरीवर आम्ही सगळे हे करतो. मी एकटाच मूर्ख नव्हतो, एवढं आधीच सांगून ठेवतो.

सात रस्त्याजवळच्या चहाच्या गाड्यावर तो भेटला. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी गोड. ‘कॅश आहे का मालक? एटीएम बंद आहे.’ पहिल्यांदा 1,400 घेतले, मग दोन दिवसांनी 2,200, मग 1,850. पैसे दर वेळी आले, मी लगेच कंपनीला भरून टाकले. त्यानंतर तो म्हणाला, मोठी रक्कम असली तर तुम्हाला शेकडा दोनेक ठेवा. एका रात्री 10,000 आले. मी एटीएममधून काढून 9,800 दिले आणि 200 ठेवले. पुढच्या आठवड्यात 18,000 आले. 17,600 दिले, 400 ठेवले. चार तास गाडी हाकून जेवढं सुटत नाही, तेवढं दहा मिनिटांत. कोणाचा हात थांबला असता?

आता ज्या गोष्टीने अजून झोप येत नाही, ती सांगतो. त्या 18,000 च्या वेळी मी फोनवर माझा क्यूआर उघडून त्याच्यासमोर धरला. त्याने तो स्कॅन केला नाही. त्याने त्याचा फोटो काढला. कॅमेऱ्याचा ‘टिक’ आवाज मला स्पष्ट ऐकू आला. स्कॅन करताना असला आवाज होत नाही, हे रोज वीस वेळा क्यूआर दाखवणाऱ्याला कळायला नको? मग तो दोन पावलं लांब जाऊन फोनवर कोणाला तरी म्हणाला, ‘भेजा है, इसी पे डलवाओ.’ ‘डालो’ नव्हे, ‘डलवाओ’. दुसऱ्या कोणाकडून तरी टाकून घ्या. पाच मिनिटं काहीच झालं नाही. मला वाटलं नेट स्लो असेल. मी त्याला चहासुद्धा पाजला. पैसे आले तेव्हा नाव होतं एका बाईचं. आधीच्या 10,000 वर वेगळंच नाव होतं. मी विचारलं तर म्हणाला, ‘बिझनेसचे खाते आहेत.’ मी मान हलवली, कारण 400 रुपये मला हवे होते. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

18,000 आल्यानंतर अकराव्या दिवशी पेट्रोल पंपावर 150 रुपये जाईनात. मागे गाड्यांची रांग, हॉर्न. खात्यात 41,362 दिसत होते आणि एक रुपया निघत नव्हता.

बँकेत गेलो. साहेब म्हणाले, खातं गोठवायचं दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांकडून आलंय, आम्ही काही करू शकत नाही, सायबरला जा. आपल्या सायबरला गेलो, तिथे दोन तास बसवून सांगितलं की तक्रार इथली नाही, तिकडे मेल करा. 1930 ला फोन लावला तर पलीकडची बाई विचारते, तुमची फसवणूक झाली का? हो म्हणालो तर म्हणते, मग पैसे कोणाला पाठवले? पाठवले नाहीत, आले, असं सांगितल्यावर तिच्या यादीत माझ्यासाठी रकानाच नव्हता. तिकडच्या ठाण्याला चार मेल केले, एकाचंही उत्तर नाही. फोन खातं गोठल्यापासून एकोणिसाव्या दिवशी उचलला गेला. तेव्हा कळलं की कोणीतरी भाड्याच्या घराचं डिपॉझिट म्हणून माझ्या क्यूआरवर 18,000 भरले होते. घर अस्तित्वातच नव्हतं. तक्रारीच्या कागदावर चोराच्या जागी माझं नाव. मी म्हणालो, साहेब, तो माणूस इथे सात रस्त्यावर चहा पितो, गाड्यावर कॅमेरा आहे. ते म्हणाले, अपने यहाँ बताओ. आमच्या इथल्यांनी ते ऐकून घेतलं, लिहून घेतलं नाही. दोन आठवड्यांनी मीच गाड्यावर विचारलं, तर रेकॉर्डिंग आठ दिवसांचंच राहतं म्हणे.

सगळ्यात जास्त राग बँकेचा येतो. वाद 18,000 चा होता, तर 41,362 का अडकवले? उरलेला माझा पगार होता, घाम गाळलेले पैसे होते. त्यापायी गाडीचा हप्ता बाउन्स होऊन 590 दंड बसला. ओळखीच्या वकिलांनी सांगितलं की केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्येच म्हटलंय, गोठवायचं तर तक्रारीतल्या रकमेपुरतं. मी तसा अर्ज टाइप करून नेला तर काउंटरवरचा मुलगा पोचेचा शिक्का मारायला तयार नाही. मी खुर्ची सोडली नाही, तेव्हा मारला. अर्ज तोंडी कधीच करू नका. तक्रारीचा क्रमांक, रक्कम, ठाण्याचं नाव आणि तपास अधिकाऱ्याचा मेल बँकेकडून लेखी मागा, पहिल्याच दिवशी. मी हे बाविसाव्या दिवशी केलं. आणि बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या cms.rbi.org.in वर तक्रार टाकता येते, फी नाही. हे मला बँकेतल्या कोणीही सांगितलं नाही.

मधल्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवर एक ‘एजंट’ आला. 5,000 द्या, दोन दिवसांत खातं उघडतो. माझा नंबर त्याला कुठून मिळाला? द्यायच्या बेतात होतो, उसने मागूनही झाले होते. मेहुण्याने फोन हिसकावून घेतला.

पोरांनो, डिलिव्हरीचे पैसे वेगळ्या खात्यात घ्या, पगाराच्या खात्याला हात लागू देऊ नका. कॅश साठली तर स्वतः बँकेत जाऊन भरा, अर्धा तास जाईल. गिऱ्हाईक सोडून कोणालाही क्यूआर दाखवू नका, आणि गिऱ्हाईक असलं तरी त्याने फोटो काढला तर फोन मागे घ्या. समोरच्याचं नाव आणि पैसे पाठवणाऱ्याचं नाव जुळत नसेल तर नोट खिशातच ठेवा. कमिशन देणारा तुमच्या कष्टाचे पैसे देत नसतो, तुमच्या नावाचं भाडं देत असतो.

47 व्या दिवशी 23,362 मोकळे झाले. 18,000 अजून अडकलेत, आणि त्यातच माझे कमिशनचे 400 पण. म्हणजे हातात पडलं ते पहिल्या वेळचं 200, आणि त्यापेक्षा जास्त, 590 चा दंड गेला. मधले हप्ते मेहुण्याने भरले, त्याचं देणं वेगळंच. बँकेच्या अ‍ॅपमध्ये आता दोन आकडे दिसतात, एक शिल्लक आणि एक वापरता येणारी. रोज रात्री शेवटची ऑर्डर देऊन झाली की गाडी स्टँडवर लावून मी आधी तो दुसरा आकडा बघतो.