रामराम झाला, पुढं काय? 'कधी आलात' की 'ऊस गेला का'

लग्नात एक पाव्हणे समोर येतात. चेहरा ओळखीचा, नातं आठवत नाही. रामराम होतो आणि पंगत बसायला अजून अर्धा तास असतो. आमच्या सांगलीकडं अशा वेळी दोन प्रश्न हमखास निघतात. 'काय म्हणताय?' मी त्यात धरतच नाही. त्याला 'काय नाय, निवांत' एवढंच उत्तर येतं आणि दोघंही मांडवाची झालर बघत उभे राहतात.

'कधी आलात?' दिसायला साधा, पण नातं विसरलेल्याला हाच तारतो. मागं पलूसच्या एका लग्नात मी तो टाकला. "हे काय, आत्ताच. रेल्वेनं किर्लोस्करवाडीला उतरलो, थोरलीचा पोरगा आलता घ्यायला." मी म्हटलं, "थोरली इकडंच दिलीय व्हय?" "व्हय की, बुर्लीत." लागली ओळख! बुर्लीच्या काकूंचे वडील. नाव न विचारता नातं हाती आलं, आणि पुढं काकूंच्या तब्येतीवर दहा मिनिटं गेली.

हा प्रश्न फसतो तो घरच्याच माणसापुढं. "आम्ही इथलंच की!" असं तो म्हणाला की तुम्ही ओळखलं नाही हे उघडं पडतं. म्हणून आधी खांद्याकडं बघा. टॉवेल असेल आणि नजर वाढप्यांवर असेल, तर तो यजमानांपैकी. त्याला 'कालपासनं लई धावपळ झाली असंल' एवढं म्हणावं.

'ऊस गेला का?' जास्त रंगतो, पण त्याला महिना बघावा लागतो. कारखाने साधारण नोव्हेंबरात सुरू होतात. जानेवारी-फेब्रुवारीच्या लग्नात विचारलंत, तर तोड कधी आली, टोळीनं किती पैसे मागितले, टनेज किती पडलं, असं सगळं बाहेर येतं. तुम्ही नुसतं 'आणि दर?' म्हटलं तरी पुरतं. मे महिन्यात मात्र जपून. तोवर ऊस रानातच उभा राहिला असेल, तर वजन घटलेलं असतं आणि माणूस आधीच वैतागलेला असतो. तासगावकडच्या द्राक्ष बागायतदारालाही हाच नियम. ऑक्टोबरात 'छाटणी झाली का?' बिनधास्त विचारा, पण 'माल कितीला गेला?' हे व्यापाऱ्याचे पैसे मिळालेत हे माहीत असेल तरच.

पुण्या-मुंबईत राहणाऱ्यानं उसाचं विचारलं की एक वेगळीच गंमत होते. समोरचा उलट विचारतो, "तुमचं रान कोण बघतंय आता?" भावकीत वाटणी रखडली असेल, तर त्या उत्तराची तयारी घरूनच करून निघावं. नाहीतर आपला 'कधी आलात'च बरा.