गिऱ्हाईक जोडायला व्हॉइस नोट: पावसाळाभर वापरल्यानंतर

म्हापशात आमची लाँड्री आहे. आसगाव, शिवोली भागातल्या होमस्टेंच्या चादरी, टॉवेल धुतो. नव्या मालकांशी ओळख काढायला या पावसाळ्यात व्हॉट्सॲपवरच्या व्हॉइस नोट आणि छोटे व्हिडिओ भरपूर वापरले.

अनोळखी माणसाला पहिलाच मेसेज आवाजात पाठवला, तर तो बहुधा तसाच पडून राहतो. आत काय आहे ते ऐकल्याशिवाय कळत नाही आणि चारचौघांत ऐकायला संकोच वाटतो. म्हणून आधी दोन ओळी लिहायच्या: आपण कोण, कुठले, कशासाठी. समोरून उत्तर आलं आणि सांगायची गोष्ट डोळ्यांनी बघण्यासारखी किंवा लिहून लांबणारी असली, की मग व्हिडिओ किंवा आवाज.

आसगावच्या एका होमस्टेवाल्या ताईंनी लिहिलं, "चादरी पिवळ्या पडतात, धोबी बदलूनही फरक नाही." मी उशीचे दोन अभ्रे खिडकीपाशी पसरले आणि व्हिडिओ केला:

"ताई, हा डावीकडचा अभ्रा बघा. हे डाग मळाचे नाहीत, विहिरीच्या पाण्यातल्या लोहाचे आहेत. क्लोरीनचं ब्लीच घातलं की ते आणखी पक्के होतात. उजवीकडचाही असाच होता, ऑक्झॅलिक ॲसिडने साफ केला. तुमची एक खराब चादर द्या, धुऊन दाखवतो. गुरुवारी आमची गाडी आसगावात असते, पाठवू का?"

एवढं निवांत बोललं तरी अर्ध्या मिनिटात होतं. सेकंदाला साधारण दोन शब्द धरायचे, म्हणजे पाऊण मिनिटात नव्वदेक. वेळ खातात ती सुरुवातीचं "हॅलो, कसे आहात, मी अमुक बोलतोय" आणि शेवटी दोनदा घेतलेला निरोप. नावगाव आधीच लिहून झालेलं असतं, त्यामुळे दोन्ही गाळता येतात. मी फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य कागदावर लिहितो. सगळंच वाचलं की बँकेच्या रेकॉर्डेड कॉलसारखं वाटतं. शेवटी प्रश्न एकच, ज्याला "हो" किंवा "नको" म्हणता येईल असा. दोन विषय असतील तर दुसरा उद्यावर.

व्हॉइस नोट करताना माइकचं बटण वर सरकवून लॉक करतो आणि पाठवण्याआधी एकदा ऐकतो. पत्र्यावर पाऊस वाजत असला तर आपल्याला जाणवत नाही, समोरच्याला मात्र तेवढंच ऐकू येतं. शुक्रवारच्या बाजारातून तर पाठवूच नये. (दर, तारखा, पत्ता बोलून उपयोग नाही, नंतर शोधताना सापडत नाहीत. ते खाली लिहायचं.)

लिंक्डइनवरही व्हॉइस मेसेज जातो, पण एका मिनिटापर्यंतच, मोबाइल ॲपवरून आणि कनेक्शनमधल्या माणसालाच. मोठ्या हॉटेलांच्या खरेदी विभागाला तिथून पाठवून पाहिले. त्यांना दरपत्रक वरच्या साहेबांकडे ढकलायचं असतं, त्यांना आवाजाचा काय उपयोग? तिथे आता सरळ पीडीएफ पाठवतो.