डी फ्लिप-फ्लॉपचा टॉगल: रावेरच्या मळ्यातले आठ महिने

रावेरजवळच्या आमच्या केळीच्या मळ्यात, मोटारीच्या खोलीबाहेर एक दिवा आहे. बटण दाबलं की लागावा, पुन्हा दाबलं की विझावा, एवढंच हवं होतं. फ्लिप-फ्लॉप म्हणजे ० किंवा १ लक्षात ठेवणारं सर्किट. ते मूल्य क्यू या पिनवर दिसतं आणि क्लॉक पिनवर पल्स आली की बदलतं: डी प्रकारात डीवर जे असेल ते क्यूवर येतं, टी प्रकारात टी १ असेल तर क्यू उलटतो. बटण क्लॉकला, दिवा क्यूला. टी फ्लिप-फ्लॉपची सुटी आयसी दुकानात मिळाली नाही, म्हणून 74HC74 मधल्या डी फ्लिप-फ्लॉपचाच टी केला. आठ महिने तो रोज चालतोय.

रूपांतराला दोन कोष्टकं लागतात. टी काय असेल तर क्यू पुढे काय होईल, म्हणजे Q+, हे पहिलं सांगतं. तो बदल घडवायला डीवर काय द्यावं लागेल, हे एक्सायटेशन टेबल सांगतं. डीचं काम सोपं, कारण पुढचा क्यू जो हवा तोच डीला द्यायचा.

```
T Q | Q+ | D
0 0 | 0  | 0
0 1 | 1  | 1
1 0 | 1  | 1
1 1 | 0  | 0
```

टी आणि क्यू वेगळे असतील तेव्हाच डी १ येतो, म्हणजे D = T ⊕ Q. 74HC86 मधलं एक एक्सॉर गेट पुरलं. टी कायमचा १ ठेवायचा असता तर क्यूच्या उलट असणाऱ्या क्यू-बार पिनची वायर सरळ डीला जोडून भागलं असतं. पण दिवसा कोणी बटण दाबलं तरी दिवा लागू नये म्हणून मी टीवर, दिवसा तो ० करणारा उजेडाचा सेन्सर लावला. इथे एक गोष्ट उशिरा लक्षात आली: टी ० झाला की दिवा विझत नाही, आहे तसाच राहतो. रात्री लावून विसरलेला दिवा दिवसभर जळतो आणि बटणानेही विझत नाही. तो सकाळी उजाडायच्या आत विझवावा लागतो.

खरा त्रास पहिल्या आठवड्यात झाला. आबा म्हणाले, "तीनदा दाबलं तेव्हा कुठे लागला." बटणाचे पत्रे टेकताना काही मिलिसेकंद थरथरतात आणि प्रत्येक थरथर म्हणजे क्लॉकची एक पल्स. थरथर सम संख्येने झाली की दिवा जिथे होता तिथेच येतो, म्हणून बटण दाबलंच गेलं नाही असं वाटतं. बटणाला १० किलोओहमचा पुल-अप आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून पुढे सावकाश कड तीक्ष्ण करणारा श्मिट ट्रिगर, 74HC14, घातला, तेव्हा ते थांबलं. त्याआधी कपॅसिटरची सावकाश चढणारी कड सरळ क्लॉकला दिली होती, तर एका दाबात पुन्हा दोनदा पलटी होत होती. श्मिट ट्रिगर हवाच.

दुसरा त्रास वीज आल्यावरचा. शेतीची वीज कधीही येते, आणि आल्यावर क्यू कुठे बसेल याचा नेम नाही. क्लिअर पिन ० असली की क्यू ० होतो, म्हणून तिला १० किलोओहम ५ व्होल्टकडे आणि १० मायक्रोफॅरड ग्राउंडकडे लावले. ती पिन सुरुवातीला क्षणभर ० राहते, त्यामुळे दिवा विझलेलाच सुरू होतो. ० झाली की क्यू १ करणारी प्रीसेट पिन मात्र ५ व्होल्टला बांधलेली असू द्या. माझी आधी मोकळी राहिली होती, तेव्हा बटणाला हात न लावताही दिवा लागायचा.