केळी पिकवणीच्या खोलीत ट्रान्झिस्टर-जोडीचा तापमापक : एका उन्हाळ्याचा आणि पावसाळ्याचा अनुभव

सावद्याजवळच्या आमच्या केळी पिकवणीच्या खोलीत तापमान 16 अंशांवर धरावे लागते आणि एका अंशाचा फरकही फळाच्या रंगात उमटतो. तेथे गेले काही महिने सीए 3046 या चिपमधील दोन ट्रान्झिस्टरांचा तापमापक चालू आहे. एकाच चिपवरच्या या दोन सारख्या ट्रान्झिस्टरांपैकी एकातून 100 आणि दुसऱ्यातून 10 मायक्रोअँपिअर प्रवाह सोडला, की त्यांच्या बेस-एमिटर व्होल्टेजमधील फरक निरपेक्ष तापमानाच्या थेट प्रमाणात येतो. प्रत्येक ट्रान्झिस्टरचा स्वतःचा वेगळेपणा वजाबाकीत निघून जातो आणि दर केल्विनला 198.4 मायक्रोव्होल्ट एवढेच उरतात. 16 अंशांना हा फरक 57.4 मिलिव्होल्ट भरतो.

ट्रान्झिस्टरांच्या जोडीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. जपायचे ते त्यानंतरच्या अँप्लिफायरला. आमच्या संचात तो एलएम 358 चा होता आणि बाहेरच्या पत्र्याच्या पेटीत बसवलेला होता. एप्रिलमध्ये आकडा रोज दुपारी साधारण एका अंशाने चढे आणि पहाटेपर्यंत उतरे, पण खोलीतला पाऱ्याचा तापमापक मात्र हलत नसे. पेटीवर हेअर ड्रायरची गरम हवा सोडताच आकडा चढला, तेव्हा दोष खोलीत नसून पेटीत आहे हे पक्के झाले. या ऑप-अँपचा ऑफसेट दर अंशाला साधारण 7 मायक्रोव्होल्टने सरकतो. पेटी पहाटे 24 आणि दुपारी 52 अंशांवर असेल, तर हे सरकणे 196 मायक्रोव्होल्ट होते, म्हणजे जवळजवळ नेमका एक अंश. त्या जागी ऑफसेट स्वतःच सतत दुरुस्त करणारा चॉपर ऑप-अँप बसवल्यावर दुपारची चढ थांबली.

कॅलिब्रेशन एकाच बिंदूवर, बर्फ-पाण्यात केले तरी पुरते. निरपेक्ष शून्याला हे व्होल्टेजही शून्य असल्यामुळे प्रवाहांच्या गुणोत्तरातील किंवा गेनमधील चूक सगळीकडे त्याच टक्क्याने पसरते आणि एका पोटेन्शिओमीटरने निघते. ऑफसेट मात्र स्थिर राहिला पाहिजे. सरकता ऑफसेट असा लावून निघत नाही.

पावसाळ्यात निराळी अडचण आली. खोलीतील दमट हवेमुळे चिपच्या पायांमध्ये ओलावा धरला आणि आकडा हळूहळू वर सरकू लागला. लहान प्रवाहाच्या बाजूने 0.1 मायक्रोअँपिअर जरी गळला, तरी गुणोत्तर एका टक्क्याने वाढते आणि आकडा सव्वा अंशाने जास्त दिसतो. चिप आणि तारांचे जोड कोरडे करून इपॉक्सीत बंद केल्यापासून खोलीतल्या पाऱ्याच्या तापमापकाशी फरक अर्ध्या अंशाच्या आत राहिला आहे.