वर्षभराच्या व्रणासाठी 21 दिवसांची हमी: 14,500 रुपयांच्या फसवणुकीचा अनुभव

गेल्या वर्षी जुलैमध्ये लालबागमधील आमच्या चाळीच्या ओल्या जिन्यावरून मी घसरले, हातातली काचेची बरणी फुटली आणि उजव्या हाताला, मनगटाच्या चार बोटे वर, सुमारे 7 सेंटिमीटर लांबीची जखम झाली. महापालिकेच्या रुग्णालयात 9 टाके घातले आणि बाराव्या दिवशी काढले. टाके काढणाऱ्या परिचारिकेने खपली ओढू नका, जखमेवर ऊन लागू देऊ नका, एवढे सांगितले. भरलेल्या जखमेचा व्रण पुढच्या महिन्यांत कसा कसा बदलत जातो, हे मला ठाऊक नव्हते आणि मी विचारलेही नाही. माझी फसवणूक याच जागी झाली, म्हणून ती तपशिलाने लिहीत आहे.

टाके काढले तेव्हा ती एक बारीक, फिकट रेघ होती. सप्टेंबरच्या मध्यावर पाहते तो तीच रेघ लालभडक, कडक आणि वर उचललेली झाली होती. तिला खाजही सुटत असे. जखम बिघडली या समजुतीने मी घाबरले आणि स्टेशनजवळच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर ‘व्रण 21 दिवसांत नाहीसा’ अशी पाटी असलेल्या ठिकाणी गेले. पांढरा कोट घातलेल्या गृहस्थांनी हात पाहून सांगितले, “ताई, आत्ता आलात ते बरे झाले. अजून महिना गेला असता, तर हे कायमचे राहिले असते.” त्यांनी सिलिकॉनच्या म्हणून 12 पट्ट्या आणि बिनलेबलच्या डबीतले एक मलम दिले आणि 14,500 रुपये घेतले. चिठ्ठीवर त्यांचा नोंदणी क्रमांक नव्हता. पावतीवर नुसते ‘सौंदर्यसेवा’ असे लिहिलेले होते. या दोन्ही गोष्टी मला तेव्हाच खटकायला हव्या होत्या.

पट्टी तीन दिवस न काढता ठेवायची आणि मग नवी लावायची, असे सांगितले होते. मुंबईच्या घामात ती दुसऱ्याच दिवशी मधोमध पांढरी होऊन फुगे आणि काढताना खाली चिकट, वास येणारा लगदा राहत असे. मी फोन केला, तर उत्तर मिळाले, “ताई, व्रण बाहेर ओढला जातोय. जितकी पांढरी, तितका गुण.” या उत्तराने मला इतका धीर आला की पट्टी पांढरी झालेली दिसली, की मी समाधानाने ती घरच्यांना दाखवू लागले.

नोव्हेंबरमध्ये एका रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात केसपेपर काढून मी उरलेली पट्टी डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी ती पाण्यात टाकली आणि थोड्या वेळाने तिचा पांढरा फुगीर गोळा झालेला मला दाखवला. ही हायड्रोकोलॉइडची पट्टी होती. ओल्या जखमेचा स्राव किंवा मुरमाचा पू शोषण्यासाठी ती वापरतात आणि ओलावा शोषला की ती पांढरी पडते. माझ्या बाबतीत तिने शोषला तो केवळ घाम. सिलिकॉनची शीट ओलावा शोषत नाही. ती त्वचेवर बसून आतले पाणी उडून जाऊ देत नाही, त्यामुळे व्रणाचा वरचा थर ओलसर राहतो आणि खालच्या पेशींची जादा तंतू तयार करण्याची घाई मंदावते. ओळखायची सोपी खूणही त्यांनी सांगितली: सिलिकॉनची शीट सौम्य साबणाने धुऊन हवेवर वाळवली, की तिचा चिकटपणा परत येतो आणि एकच शीट पुष्कळ दिवस चालते. जी पट्टी धुतल्यावर विरघळते, पांढरी होते किंवा पुन्हा चिकटतच नाही, ती सिलिकॉनची नव्हे.

मलमाचे प्रकरण अधिक गंभीर निघाले. व्रणाभोवतीची त्वचा पातळ आणि फिकट पडून तिच्यातून बारीक रक्तवाहिन्या दिसू लागल्या होत्या. त्यात तीव्र स्टिरॉइड असावे, असा अंदाज डॉक्टरांनी बांधला, मात्र तपासणीशिवाय खात्रीने सांगता येणार नाही, हेही स्पष्ट केले. फुगीर व्रणात डॉक्टर स्वतः मोजून स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात, पण ते व्रणाच्या आतच. डबीतले मलम रोज सभोवार चोळणे निराळे.

त्यानंतर त्यांनी जे सांगितले ते ऐकून मला सर्वांत जास्त वाईट वाटले. टाक्यांचा व्रण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सर्वांत लाल आणि फुगीर दिसतो, कारण त्या काळात शरीर तिथे भराभर तंतू विणत असते. नंतर तो आपणहून हळूहळू मऊ, सपाट आणि फिकट होत जातो आणि त्याला वर्ष ते दीड वर्ष लागते. म्हणजे मी घाबरून गेले ते नेमके व्रण सर्वाधिक वाईट दिसण्याच्या दिवसांत. त्या वेळी काहीही विकले, तरी पुढे येणाऱ्या नैसर्गिक उताराचे श्रेय विकणाऱ्याला मिळते. व्रण मूळ जखमेची रेघ ओलांडून आजूबाजूच्या चांगल्या त्वचेवर पसरू लागला, तर मात्र तो केलॉइड असू शकतो आणि तेव्हा वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. माझा व्रण रेघेतच होता.

मग खरी काळजी सुरू झाली. औषधाच्या दुकानातून सिलबंद, उत्पादकाचे नाव आणि बॅच क्रमांक असलेली शीट घेतली आणि ती व्रणाच्या मापापेक्षा थोडी मोठी कापली. ती दिवसाचे निदान 12 तास वापरायची होती, पण दमटपणामुळे पहिले काही दिवस मी 4 तासच ठेवली आणि घामोळे उठले नाही हे पाहून वेळ वाढवत नेली. हे किमान तीन महिने केले. मालिश सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटे: थोडी पेट्रोलियम जेली लावून, बोटाच्या टोकाने व्रण किंचित फिका पडेल इतकाच दाब द्यायचा आणि गोल, मग आडवे, मग उभे फिरवायचे. नंतर जेली साबणाने पूर्ण धुवायची, कारण तेलकट त्वचेवर शीट बसत नाही. खपली असेल, त्वचा उघडी असेल किंवा मालिशनंतर दुखणे टिकून राहत असेल, तर हात लावायचा नाही. मालिशमुळे कडकपणा आणि खाज कमी होऊ शकते, रेघ पुसली जात नाही, हे डॉक्टरांनी आधीच बजावले होते.

उन्हाची चूक मी ऑक्टोबरमध्येच करून बसले होते. “मलम आहे, वेगळे काही लागत नाही,” असे त्या ठिकाणी सांगितल्यामुळे मी रोज बसच्या खिडकीशी उघड्या हाताने बसत असे. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत ताज्या व्रणावर ऊन पडले, की लाली जाऊन त्या जागी गडद तपकिरी रंग भरतो आणि तो लालीपेक्षा चिवट असतो. आता पूर्ण बाह्यांचा सदरा घालते आणि शीट नसेल तेव्हा एसपीएफ 30 किंवा त्याहून अधिकचे सनस्क्रीन लावून, बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा लावते.

पावती, फोनवरच्या संभाषणाची नोंद आणि उरलेली डबी जपून ठेवून मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि मलमाबद्दल अन्न व औषध प्रशासनाला लेखी अर्ज दिला. ते ठिकाण एव्हाना बंद झाले आहे आणि पैसे परत मिळालेले नाहीत.

नोव्हेंबरपासून मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, त्याच खिडकीत, सकाळी नऊ वाजता हाताचे छायाचित्र काढत आले. जानेवारीत रेघ सपाट झाली, एप्रिलमध्ये लाली जाऊन तपकिरी झाली आणि या जुलैत ती त्वचेहून थोडी फिकट, हाताला मऊ लागणारी झाली. टाक्यांचे ठिपके दोन्ही बाजूंना दिसतात आणि ते राहतील. मलमाने पातळ झालेला गोल भाग अजून पूर्ववत झालेला नाही आणि तेवढ्याच जागी ऊन लागले की चुरचुरते.